घाटमाथ्यावरच्या शाळेचा समुद्र

नमस्कार श्रोतेहो. जून जवळ आला की शाळांमधून वर्षभराच्या उपक्रमांची आखणी सुरू होते. आज मी अशाच एका प्रस्तावाबद्दल बोलणार आहे. बेळगावातल्या एका मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तो मुख्याध्यापकांना दिला. विषय होता किनारा स्वच्छता आणि सागर ओळख मंडळ. बेळगावात समुद्र नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि बाईंनाही माहीत होतं. पण या प्रस्तावाचं पुढे काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. मी त्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. कागद वाचायला बाईंनी मला बोलावलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘आपण नाल्यात टाकलेला कचरा वाहत कारवारच्या किनाऱ्याला लागतो, म्हणून वर्षातून एकदा मुलांना कारवारला नेऊन किनारा साफ करावा.’ मुख्याध्यापक गणिताचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, आपल्या शाळेमागचा नाला कारवारला जातो कसा, ते मला नकाशावर दाखवा की.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला आणि टेबलावर पसरला. शाळेमागचं पाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं. नाला मार्कंडेय नदीला मिळतो. मार्कंडेय गोकाकच्या बाजूला घटप्रभेत जाते आणि घटप्रभा कृष्णेत. कृष्णा आलमट्टीच्या धरणात थांबते, मग नारायणपूर, मग तेलंगण आणि आंध्रातली श्रीशैलम, नागार्जुनसागर ही मोठी धरणं, त्यानंतर विजयवाड्याचा बंधारा, आणि तिथून पुढे बंगालचा उपसागर. सरांचं बोट नकाशावर उजवीकडे सरकत गेलं आणि कारवार राहिलं डावीकडे खाली. सर म्हणाले, “मग मुलांना कारवारला नेऊन काय सांगणार? हा तुमचा कचरा? तो तर यांचा नव्हेच. मुलांना खरं नसलेलं सांगून चांगलं काम करून घ्यायचं नाही, बाई.”

श्रोतेहो, पुन्हा सांगतो, कारण इथंच सगळं फिरलं. बेळगाव शहराचं पाणी पूर्वेला जातं. कारवारला जात नाही. आणि वाटेत इतकी धरणं आहेत की नाल्यात पडलेली पिशवी बहुतेक वेळा समुद्राचं तोंडही पाहत नाही. ती काठावरच्या झुडपांत अडकते, गाळात पुरली जाते, नाहीतर धरणाच्या फुगवट्यात राहते.

बाई गप्प झाल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, या रविवारी कणकुंबीला जाऊन येऊया की. मग काय ते ठरवा.” एका पालकांची जीप मिळाली. खानापूर तालुक्यातलं कणकुंबी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असेल, निदान चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला जाताना. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. तिथं हात जोडून सर म्हणाले, “ही तर पूर्वेलाच जाते, सौंदत्तीकडून कूडलसंगमाला.” बाई म्हणाल्या, “व्हय सर. आता जरा इकडं या.” आणि त्यांना घेऊन गेल्या कळसा नाल्याकडे. हा नाला म्हादईला मिळतो. भीमगडच्या रानातून निघालेली म्हादई गोव्यात शिरली की तिला मांडवी म्हणतात, आणि मांडवी पणजीला अरबी समुद्रात जाते. गाव एकच, पाऊस एकच. पण या अंगाला पडलेला थेंब बंगालच्या उपसागराकडे जातो आणि त्या अंगाला पडलेला अरबी समुद्राकडे.

(पाण्याच्या वाट्यावरून राज्यांचं जे भांडण चाललं आहे, त्यावर मी आज बोलणार नाही. एवढंच म्हणतो की, दहावीच्या मुलाला या म्हादईचा उगम नकाशावर दाखवता येत नसेल, तर आम्ही भूगोल शिकवला नाही, नुसते उतारे पाठ करून घेतले. पाणलोट हा विषय वर्गात बसून शिकवण्याचा नव्हे, पायांनी शिकवण्याचा आहे, हे मत मी नोकरीभर मांडलं आणि आजही मांडतो.)

परतताना घाटरस्त्याच्या कडेला थांबलो. पावसाळ्यात धबधबे बघायला येणारी मंडळी तिथं काय टाकून जातात, ते तुम्ही पाहिलंच असेल. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या. सर खाली वाकून बघत होते. त्या उतारावरून खाली जाणारा एक ओहोळ त्यांनी बोटानं दाखवला आणि विचारलं, “हे पाणी कुठल्या अंगाला?” मी म्हणालो, “गोव्याच्या.” वाटेत मोठं धरण? मी म्हणालो, कृष्णेवर आहेत तशा धरणांची रांग या वाटेवर नाही. सर थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, कागद बदला. कारवार काढा आणि पणजी घाला.”

तर श्रोतेहो, असा तो दुसरा प्रस्ताव तयार झाला. किनारा ठरला मिरामारचा, म्हणजे मांडवी जिथं समुद्राला मिळते त्या मुखाजवळचा. वरचं ठिकाण ठरलं कणकुंबीजवळचा रस्ता. नदीचं डोकं आणि नदीचं तोंड, दोन्हीकडे एकाच पद्धतीनं कचरा मोजायचा. मंडळाचं खरं काम मोजण्याचं आहे, साफसफाई त्याच्या ओघात होते. जगभर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जो किनारा स्वच्छता दिवस पाळतात, तो 1986 साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाला, तेव्हाही स्वयंसेवकांच्या हातात पोत्याबरोबर नोंदीचा कागद होता. नुसतं उचललं तर पुढच्या महिन्यात तेवढंच येतं. काय आलं ते लिहून ठेवलं तर कुठून आलं ते शोधता येतं.

मोजायचं कसं? शंभर मीटरची दोरी किनाऱ्याला समांतर टाकायची. पाण्याच्या ओल्या कडेपासून वर झाडी किंवा कट्टा लागतो तिथपर्यंतची सगळी पट्टी आपली. चार-चार मुलांचा गट करायचा. एक उचलतो, एक मोठ्यानं नाव सांगतो, एक लिहितो, एक पोतं धरतो. बाटली एक आणि तिचं झाकण वेगळं एक. फुटके तुकडे वेगळ्या रकान्यात. वजन करायचं नाही, नग मोजायचे. बाईंच्या पहिल्या कागदात वजनाचा रकाना होता, तो सरांनी काढायला लावला आणि ते बरोबरच होतं. समजा एका शाळेनं एक ओलं, वाळू भरलेलं मासेमारीचं जाळं उचललं, तर त्याचं वजन शेकडो चॉकलेटच्या कागदांपेक्षा जास्त भरेल. वजनाच्या हिशेबात ते कागद नाहीसेच होतील. मग मुलं म्हणतील, दोष सगळा मच्छीमारांचा. नगांच्या हिशेबात दोन्ही दिसतात. जाळ्याचे तुकडे आणि थर्माकोलचे फ्लोट मिरामारला सापडले आणि कणकुंबीला नाहीत, तर ते समुद्रावरून आले. पाकिटं दोन्हीकडे सापडली, तर ती नदीनं आणली असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणायचं, कारण तसलं पाकीट किनाऱ्यावर फिरायला आलेला माणूसही टाकतो. पर्यटकांच्या किनाऱ्यावर सकाळी झाडू फिरलेला असला तर आकडा कमी येतो. म्हणून दुकानांपासून लांबची पट्टी धरायची आणि शेवटचं कधी झाडलं ते तिथल्या माणसाला विचारून लिहून ठेवायचं.

आता दिवस. सप्टेंबरचा तिसरा शनिवार बाईंनी मुद्दाम सोडला. त्या वेळी आपल्या बाजूचा समुद्र शांत झालेला नसतो, आणि गणपतीही पुष्कळदा त्याच सुमारास येतात. डिसेंबर ठरवला. तारीख काढायची तिथीवरून. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, साडेदहा-अकराच्या सुमाराला. बेळगावहून पहाटे निघालेली बस तोवर किनाऱ्यावर पोचते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि ऐन दुपारी भरती. तो दिवस मुलांना नेण्याचा नव्हे. तिथीचा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून घ्यायचा.

सरांनी सुरक्षिततेवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. पाण्यात उतरायचं नाही, पाय भिजवायलासुद्धा नाही. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. काच, सुई, औषधाच्या बाटल्या मुलांनी उचलायच्या नाहीत. त्यासाठी जाड हातमोजे आणि चिमटा घेतलेला एक शिक्षक. निळ्या फुग्यासारखा, लांब दोऱ्या लोंबणारा जीव वाळूवर दिसला तर लांब राहायचं, मेलेला असला तरी तो डसतो. समुद्रशेवाळ उचलायचं नाही, तो कचरा नव्हे. शंख उचलण्याआधी आत खेकडा आहे का ते बघायचं. आणि गोळा केलेलं सगळं कुठं द्यायचं, ते निघण्याआधी पणजी महापालिकेशी लेखी बोलून ठरवायचं. पोती नव्या प्लास्टिकची नकोत, तांदळाची रिकामी पोती चालतील.

(तसाच फ्लेक्सचा फलकही नको. स्वच्छतेच्या कार्यक्रमाला पाहुण्यांच्या फोटोचा फ्लेक्स लावतात, ते मला अजिबात पटत नाही. संध्याकाळी तोच कुठंतरी पडलेला असतो. कापडावर रंगानं लिहा, पुढच्या वर्षी परत लावा.)

परवानगीचं सोपं केलं. नवं मंडळ काढण्याऐवजी शाळेत आधीपासून असलेल्या इको क्लबचा एक गट म्हणून नोंद केली. पालकांची संमतीपत्रं आणि शिक्षण खात्याची लेखी परवानगी, एवढं लागलं.

सही करताना सरांनी एक अट घातली. मिरामार वर्षातून एकदा, पण कणकुंबीची मोजणी दोनदा. एकदा मेअखेर, पाऊस सुरू होण्याआधी, आणि तेव्हा ती शंभर मीटरची पट्टी पूर्ण साफ करायची. दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये, त्याच दगडापासून त्याच दगडापर्यंत. मधल्या चार महिन्यांत जे नवं दिसेल ते पावसाळी पर्यटनाचं. जे वाहून गेलं ते या आकड्यात दिसणार नाही, हेही वहीत पहिल्याच पानावर लिहायचं, असं सर म्हणाले. बाईंनी ते तिथंच लिहून घेतलं.