सोडलेल्या टाक्यांचा हिशेब: शिंपला, क्लस्टर आणि सरळ काठ

(नागपुरात क्रोशा विणणाऱ्यांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. दिवाळी झाली की नागपुरात सकाळ-संध्याकाळ गारवा सुटतो, आणि सीताबर्डी-इतवारीतून आणलेली लोकर घराघरांत बाहेर निघते. बाळाची शाल, खांद्यावरची ओढणी, सोफ्याच्या पाठीचा रुमाल, काहीही विणायचं ठरलं तरी शिंपल्याची वीण हमखास आठवते. काही जणी तिला शेल म्हणतात, काही पंखा. आणि दहा-बारा ओळी झाल्या की तक्रारही ठरलेली असते. आत्ता बसता बसताच एका काकूंनी विचारलं, "ताई, वीण तर सुंदर दिसते, पण काठ तिरपाच होऊन राहिला, असं काहून?" आजचं सगळं बोलणं या एकाच प्रश्नावर आहे.

आधी शब्द पक्के करू. मी मुका खांब म्हणेन तो बुटका टाका: सुई घातली, दोरा ओढला, दोन फास एकदम काढले. खांब म्हणेन तो आधी सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका. इंग्रजी नमुने बघून विणणाऱ्यांनी इथेच सावध राहायचं. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आणि अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. नमुना कुठला आहे हे न बघता विणायला घेतलं, तर टाके बरोबर मोजूनही वीण भलतीच येते.

आता शिंपला कसा उभा राहतो ते बघा. एका टाक्यात पाच खांब घालायचे, दोन टाके सोडायचे, एका टाक्यात मुका खांब घालून शिंपला खाली दाबायचा, पुन्हा दोन सोडायचे. म्हणजे खालच्या ओळीतले सहा टाके खर्ची पडले: दोन सोडलेले, एक शिंपल्याच्या बुडाचा, दोन सोडलेले, एक मुक्या खांबाचा. वर किती आले? पाच खांब आणि एक मुका खांब, सहाच. चार टाके सोडले आणि शिंपल्यात एका टाक्याच्या जागी पाच घालून चार जास्तीचे दिले. सोडलेले आणि वाढवलेले फिटले, म्हणून कापड सपाट राहतं. हा जमाखर्च डोक्यात बसला की नमुना पाठ करायची गरज उरत नाही.

काठाला मात्र हिशेब अर्धाच असतो, कारण तिथे टाके एकाच बाजूला सोडलेले असतात. दोनच सोडले, तर दोनच वाढवायचे. म्हणून काठाला पाच खांबांचा पूर्ण शिंपला येत नाही, तीन खांबांचा अर्धा येतो: एक टाका स्वतःचा, दोन जास्तीचे. बहुतेक तिरपे काठ या अर्ध्या शिंपल्यापाशी बिघडतात.

चार शिंपल्यांचा नमुना प्रत्यक्ष विणून बघू. शिंपल्यांची संख्या गुणिले सहा, अधिक एक. चार साहे चोवीस आणि एक, पंचवीस टाके. वळायला एक साखळी जास्त, म्हणून सव्वीस साखळ्या. सुरुवातीची गाठ मोजायची नाही, सुईवर असलेला फासही मोजायचा नाही. या साखळ्या नेहमीच्या सुईपेक्षा अर्धा मिलीमीटर जास्त जाड सुईने घातलेल्या बऱ्या. पायाच घट्ट झाला तर टाके बरोबर असूनही कापड खाली आवळतं आणि वर पसरतं, आणि आपण उगाच मोजणीत चूक शोधत बसतो.

पहिली ओळ. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब. दोन साखळ्या सोडा, तिसरीत पाच खांब, दोन सोडा, तिसरीत मुका खांब. असं चारदा. शेवटचा मुका खांब अगदी शेवटच्या साखळीत पडला पाहिजे. तिथे एखादी साखळी उरली किंवा कमी पडली, तर वरच्या ओळीत सांभाळून घेऊ म्हणू नका, कारण ती चूक पुढच्या प्रत्येक ओळीत वर चढते.

दुसरी ओळ. वळा, तीन साखळ्या घाला. या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब. ज्या मुक्या खांबावर उभ्या आहात, त्याच्यातच आणखी दोन खांब. झाला अर्धा शिंपला. आता दोन खांब सोडून शिंपल्याच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या खांबाच्या डोक्यावर मुका खांब. दोन सोडून पुढच्या मुक्या खांबात पाच खांब. सुई त्या मुक्या खांबाच्या वरच्या दोन्ही धाग्यांखालून गेली पाहिजे. शेजारच्या फटीत गेली तर शिंपला एका अंगाला कलतो. शेवटी चौथ्या शिंपल्याच्या मध्यावर मुका खांब, दोन सोडा, आणि शेवटच्या मुक्या खांबात तीन खांब. मोजून बघा: दोन्ही काठांचे तीन-तीन म्हणजे सहा, मधले तीन पूर्ण शिंपले पंधरा, मुके खांब चार. पंचवीस.

तिसरी ओळ. वळा, एक साखळी. ही टाक्यात धरायची नाही. पहिल्याच खांबावर मुका खांब, दोन सोडून मुक्या खांबात पूर्ण शिंपला, दोन सोडून मधल्या खांबावर मुका खांब, असं करत जा. शेवटचा शिंपला झाला की दोन खांब सोडा, आणि शेवटचा मुका खांब मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर, म्हणजे तिसऱ्या साखळीत घाला. पुढे दुसरी आणि तिसरी ओळ आलटून पालटून.

आता चुका. दुसऱ्या प्रकारच्या ओळीत पंचवीसच्या जागी किती आले, यावरून चूक कुठे आहे ते बरंचसं कळतं. बावीस आले तर एका काठाचा अर्धा शिंपला राहूनच गेला. तेवीस आले तर शेवटी तीन खांबांच्या जागी एकच टाका घालून ओळ संपवली. सव्वीस आले तर तीन साखळ्या घालून वर पुन्हा तीन खांब घातले, म्हणजे साखळ्यांना खांब धरलंच नाही. सत्तावीस आले तर एका काठाला अर्ध्याऐवजी पूर्ण शिंपला पडला. असा काठ झालरीसारखा बाहेर फुलतो, तो बोटांनाही जाणवतो.

रुंद कामात प्रत्येक टाका मोजणं कंटाळवाणं होतं, आणि त्याची गरजही नाही. शिंपले मोजा. आपल्या नमुन्यात एका ओळीत चार पूर्ण, पुढच्या ओळीत तीन पूर्ण आणि दोन अर्धे. हीच आलटापालट शेवटपर्यंत टिकली पाहिजे. फक्त अर्ध्या शिंपल्यात तीनच उभे खांब आहेत ना, एवढं डोळ्यांनी बघून घ्यायचं.

एक चूक मात्र मोजणीत सापडत नाही, आणि काकूंच्या रुमालात बहुधा तीच असावी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मुका खांब तीन साखळ्यांच्या माथ्यावर न जाता अलीकडच्या खांबावर पडतो. साखळीचा माथा बारीक असतो, मागे मुडपलेला असतो, आणि शेजारच्या खांबाचं डोकं ठसठशीत दिसतं, म्हणून सुई सहज तिथे जाते. इथे दोनऐवजी एकच टाका सोडला गेला, पण वर आलेले टाके पंचवीसच! मोजणारा निश्चिंत असतो. काठावर मात्र त्या तीन साखळ्या फासासारख्या बाहेर लोंबतात आणि शेजारी खाच पडते. ओळखायचं कसं? वळणाच्या तीन साखळ्या नेहमी एकाच काठाला येतात, कारण दुसरी, चौथी, सहावी ओळ त्याच बाजूने सुरू होते. म्हणून एक काठ सरळ आणि दुसऱ्यावर दर दोन ओळींनी खाच, असं दिसलं की कारण हेच समजा. दोन्ही काठ सारखेच आत येत असतील, तर अर्धे शिंपले तपासा.

उपाय सोपा आहे. तीन साखळ्या घातल्या की लगेच तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा छोटी सेफ्टी पिन अडकवा. परत येताना मुका खांब कुठे घालायचा ते समोरच दिसतं. ज्यांचा हात सैल आहे त्यांच्या तीन साखळ्या खांबापेक्षा उंच होतात आणि काठ फुगतो. त्यांनी दोनच साखळ्या घालाव्यात, पण मग त्यांनाच खांब धरायचं आणि दुसऱ्या साखळीवर ओळ संपवायची. एकाच कामात कुठे दोन, कुठे तीन असं करू नका.

क्लस्टरचा हिशेब वेगळा. एकाच टाक्यात तीन खांब घ्यायचे, पण प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर ठेवायचा. सुईवर चार फास झाले की दोरा घेऊन चारही एकदम काढायचे. पाय तीन, डोकं एकच. म्हणजे वाढ काहीच झाली नाही, आणि म्हणून सोडलेल्या टाक्याची भरपाई साखळीने करावी लागते: एक टाका सोडला, एक साखळी घातली.

पंचवीस मुक्या खांबांच्या ओळीवर बसवून बघा. काठाचा खांब म्हणून तीन साखळ्या, पुढच्या टाक्यात क्लस्टर, मग एक साखळी, एक टाका सोडून पुन्हा क्लस्टर. शेवटच्या क्लस्टरनंतर साखळी नाही, थेट शेवटच्या टाक्यात खांब. बारा क्लस्टर, मधल्या अकरा साखळ्या, काठाचे दोन खांब. पंचवीस. पाया विषम असला तरच हे जमतं.

यात फसवते ती क्लस्टर बंद करणारी साखळी. पुष्कळ जणी क्लस्टर घट्ट बसावा म्हणून एक साखळी घालतात आणि मधल्या जागेसाठी आणखी एक. घट्ट बसवणारी साखळी आणि मधली साखळी एकच धरायची. नाहीतर वरच्या ओळीत क्लस्टरच्या डोक्यावर एक आणि दोन्ही साखळ्यांवर दोन असे मुके खांब पडतात, पंचवीसचे छत्तीस होतात आणि कापड पापडासारखं लहरतं. सपाट ओळीत क्लस्टरच्या डोक्यावर एक, मधल्या जागेत एक, एवढंच.

पाच टाक्यांवर पसरलेला क्लस्टर मात्र शिंपल्याचा बरोबर उलटा: खाली पाच, वर एक. चार टाके घटतात. त्याच्यावर पाच खांबांचा शिंपला बसवला की चार परत येतात. चाकाच्या नक्षीचं मूळ यातच आहे, आणि तिथेही काठाला अर्धं चाकच येतं.

मोठं काम काढायचं तर आधी चार शिंपल्यांचा तुकडा आठ ओळी विणा, ओला करून सपाट वाळवा आणि मगच मोजा. समजा तो सहा इंच भरला. एक शिंपला दीड इंचाचा, मग तीस इंची शालीला वीस शिंपले, एकशे एकवीस टाके, एकशे बावीस साखळ्या. चार-पाच साखळ्या जास्तच घाला. गाठीच्या टोकाकडून त्या नंतर उसवता येतात, कमी पडल्या तर मात्र सगळं पुन्हा.

काकूंचा शेवटचा प्रश्न होता, वीस ओळी झाल्यावर खाच दिसली तर? खाच एखादीच असेल आणि टाके बरोबर असतील, तर भोवती मुक्या खांबांची किनार घाला: काठावर खांबाच्या ओळीला दोन मुके खांब, मुक्या खांबाच्या ओळीला एक. लोंबणारा फास त्यात धरला जातो. पण टाकेच कमी-जास्त झाले असतील, तर काठाला टाका वाढवून जुळवू नका, तिथे नक्षी एका अंगाला सरकते. चुकीच्या ओळीपर्यंत उसवा. केसाळ लोकर उसवताना गुंतते, म्हणून तशा लोकरीत दर दोन ओळींनी शिंपले मोजलेले बरे.