पहिला क्रमांक कधी नाकारावा

सभापती महोदय आणि वित्तीय व्यवस्थापन शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मित्रांनो,

निधी मर्यादित असताना, म्हणजे ज्याला आपण कॅपिटल रेशनिंग म्हणतो त्या स्थितीत, प्रकल्प कसे निवडावेत, आणि विशेषतः ही मर्यादा दोन वर्षांवर पसरलेली असेल तर काय करावे, हा आजचा विषय आहे. नफाक्षमता निर्देशांक आपणा सर्वांना ठाऊक आहे. भविष्यातील रोख आवकीचे वर्तमान मूल्य भागिले आरंभीची गुंतवणूक, हे त्याचे सूत्र. मात्र दोन वर्षांच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, माझ्या मनात अनेक वर्षे सलत असलेली एक बैठक मला आपल्यासमोर मांडायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका फाउंड्रीच्या हिशेब विभागात होतो. त्या वर्षी यंत्रसामग्रीसाठी एक कोटी रुपये मंजूर होते आणि प्रस्ताव चार होते. आकडे मी सोयीसाठी सरळ करून सांगतो. नव्या भट्टीसाठी 60 लाख लागणार होते आणि तिचे निव्वळ वर्तमान मूल्य 24 लाख होते, म्हणून निर्देशांक 1.40. वाळू पुन्हा वापरात आणणाऱ्या यंत्रणेसाठी 50 लाख, मूल्य 19.5 लाख, निर्देशांक 1.39. सीएनसी यंत्रासाठीही 50 लाख, मूल्य 19 लाख, निर्देशांक 1.38. शेवटी कॉम्प्रेसर आणि त्याची नळजोडणी, खर्च 40 लाख, मूल्य 8 लाख, निर्देशांक 1.20.

निर्देशांकाच्या उतरत्या क्रमाने तक्ता तयार झाला. भट्टी पहिली, म्हणून ती मंजूर झाली. उरलेल्या 40 लाखांत वाळूची यंत्रणाही बसत नव्हती आणि सीएनसीही बसत नव्हते, म्हणून कॉम्प्रेसर घेतला गेला. पैसा पूर्ण वापरला गेल्याचे समाधान सर्वांच्या चेहऱ्यावर होते. एकूण निव्वळ वर्तमान मूल्य झाले 32 लाख. भट्टी बाजूला ठेवून वाळूची यंत्रणा आणि सीएनसी एकत्र घेतले असते, तर त्याच एक कोटीत 38.5 लाख मिळाले असते. साडेसहा लाखांचा हा फरक मी रात्री वहीत काढला, तोवर ठरावावर सह्या झाल्या होत्या. तक्त्यातील गणित अचूक होते, म्हणूनच ते मला अधिक लागले.

चूक कोठे झाली? निर्देशांक प्रत्येक प्रकल्पातील एका रुपयाची कमाई सांगतो. तो प्रकल्प घेतल्यावर हातात उरणाऱ्या रुपयांचे काय होईल, हे तो सांगत नाही. प्रकल्पाचा हवा तेवढा अंश घेता येत असेल, तरच उतरत्या क्रमाने निवडणे निर्दोष ठरते. तसे असते तर भट्टी आणि वाळूच्या यंत्रणेचा चार-पंचमांश भाग घेऊन 24 अधिक 15.6, म्हणजे 39.6 लाख मिळाले असते. पण वाळूच्या यंत्रणेचा चार-पंचमांश भाग कोणी विकत नाही.

तरीही हा 39.6 आकडा टाकून देऊ नये, असा माझा आग्रह आहे. अखंड प्रकल्पांच्या कोणत्याही जोडणीला ओलांडता न येणारी ती कमाल मर्यादा आहे. आपले उत्तर तिच्याजवळ असेल, तर अधिक शोधून फारसे हाती लागणार नाही. 32 सारखे दूर असेल, तर सर्व शक्य जोड्या मांडून पाहिल्याच पाहिजेत. परीक्षेतही प्रकल्प विभाज्य आहेत की अविभाज्य, हे वाक्य आधी शोधावे, कारण निवडीची पद्धत त्यावरच ठरते.

दुसरी गोष्ट मर्यादेचीच. आणखी 10 लाख मिळाले असते, तर भट्टी आणि वाळूची यंत्रणा दोन्ही बसून 43.5 लाख झाले असते, म्हणजे उत्तम जोडीपेक्षाही 5 लाख अधिक. ही मर्यादा संचालकांनी स्वतःच घातलेली होती. बँकेने नकार दिलेला नव्हता. अशा वेळी तिची किंमत हिशेबात मांडून त्यांच्यासमोर ठेवणे हे आपले काम आहे.

अध्यक्षांनी वेळेची आठवण दिली आहे, म्हणून दोन वर्षांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. पैसा ज्या वर्षी अपुरा आहे, त्याच वर्षाचा खर्च भाजक म्हणून घ्यावा. एखाद्या प्रकल्पाला यंदा 20 लाख आणि पुढील वर्षी 30 लाख लागत असतील आणि तंगी फक्त यंदाची असेल, तर त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य 20 लाखांनी भागावे. पुढील 30 लाख त्या मूल्यातून आधीच वजा झालेले असतात, त्यांना पुन्हा भाजकात आणू नये. तंगी दोन्ही वर्षांची असेल, तर कोणताही एक भाजक पुरत नाही, कारण यंदा स्वस्त दिसणारा प्रकल्प पुढील वर्षाचा सारा निधी खाऊन टाकू शकतो. लॉरी आणि सॅव्हेज यांनी 1955 मध्ये हा पेच मांडला. तेथे दोन्ही वर्षांच्या मर्यादा एकाच वेळी पाळणारे रेषीय नियोजन वापरावे लागते, आणि प्रकल्प अखंडच घ्यायचे असतील तर उत्तर पूर्णांकात यावे अशी अटही त्यात घालावी लागते.