१४० पायऱ्यांचा जिना

[पडद्यावर: ‘माझ्या ऑर्डर’चं पान, मधोमध फिरणारं चक्र]

नवं गिऱ्हाईक हे पान उघडतं तेव्हा ते झटकन येतं. जुन्या, भरपूर खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दोन सेकंद ताटकळावं लागतं. सगळ्यांचा संशय डेटाबेसवर. पण स्लो क्वेरी लॉग कोरा आहे. १०० मिलिसेकंदांची मर्यादा एकाही क्वेरीने ओलांडलेली नाही.

मग त्या एका रिक्वेस्टचा माग काढायचा. ती गेटवेत शिरते तेव्हाच तिला क्रमांक मिळतो, आणि पुढच्या प्रत्येक सर्व्हिसकडे तो हेडरमधून जातो.

```
traceparent: 00-4bf92f3577b34da6a3ce929d0e0e4736-00f067aa0ba902b7-01
```

मधला लांबलचक आकडा अख्ख्या रिक्वेस्टचा. त्यानंतरचा, ज्या कामाने पुढची हाक मारली त्याचा. प्रत्येक काम आपली सुरुवात, शेवट आणि आपल्याला कुणी बोलावलं हे नोंदवतं. या नोंदीला स्पॅन म्हणतात. गूगलने २०१०मध्ये ‘डॅपर’वरच्या निबंधात ही पद्धत मांडली, आज त्यासाठी अनेक ठिकाणी ओपनटेलिमेट्री वापरतात.

पहिल्या दिवशी हाती काहीच लागलं नाही. शंभरातली एकच रिक्वेस्ट साठवायची, हा निर्णय गेटवेच घेत होता, आणि नेमक्या रखडलेल्या निसटत होत्या. मग निर्णय रिक्वेस्ट संपल्यावर घ्यायचं ठरलं: एक सेकंदाच्या वर गेली तर ठेवा. तोवर सगळे स्पॅन मेमरीत धरून ठेवावे लागतात, म्हणजे खर्च आलाच.

[पडद्यावर: ट्रेसचा आलेख, हळूहळू खाली सरकत]

वरची लांब पट्टी गेटवेची. तिच्याखाली, जवळजवळ तेवढीच, ऑर्डर सर्व्हिसची. तिच्या पोटात ऑर्डरची यादी आणणारी पहिली क्वेरी, १८ मिलिसेकंद. आणि मग हा जिना. बारीक पट्ट्या, एक संपली की दुसरी, एकूण १४०. कुठल्याही पट्टीवर क्लिक करा, मजकूर तोच:

```sql
SELECT * FROM items WHERE order_id = ?
```

ऑर्डर १४०, म्हणून फेऱ्याही १४०. कोडमध्ये हे दिसत नाही. तिथे फक्त एक साधा लूप आहे, क्वेरी ओआरएम, म्हणजे कोड आणि डेटाबेस यांच्यातली दुभाषी लायब्ररी, गुपचूप पाठवतं.

प्रत्येक पट्टी १३ मिलिसेकंदांची. डेटाबेसला विचारा, तो म्हणतो माझं काम एकाच मिलिसेकंदाचं. दोघंही खरं बोलतायत. स्पॅन अ‍ॅपच्या बाजूने मोजला जातो, क्वेरी निघाल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत. इथे डेटाबेस दुसऱ्या शहरात आहे, उरलेले १२ मिलिसेकंद जाण्यायेण्याचे. १४० फेऱ्यांचे झाले १,८२० मिलिसेकंद. इंडेक्स टाकून यातलं काय वाचणार?

[पडद्यावर: बदललेली क्वेरी]

```sql
SELECT * FROM items WHERE order_id IN (...)
```

पान पुन्हा उघडलं. यादीच्या पट्टीखाली आता एकच पट्टी, २५ मिलिसेकंदांची.