पाण्यातून चाललात का? : लेप्टोची सूचना नव्याने लिहिताना

मुंबईत मोठा पाऊस झाला, सखल भागांत पाणी तुंबलं, की पाठोपाठ लेप्टोची सूचना निघते. तिचा मसुदा साधारण असा असतो : ‘अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर लेप्टोस्पायरोसिसचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी बाधित पाण्याच्या संपर्कात आलेल्या जोखीमग्रस्त नागरिकांनी वैद्यकीय सल्ल्याने तात्काळ प्रतिबंधात्मक औषधोपचार घ्यावेत. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’

यात चुकीचं काही नाही. पण हिंदमाताहून गुडघाभर पाण्यातून घरी आलेला माणूस या मजकुरात स्वतःला शोधू शकत नाही. ‘जोखीमग्रस्त’ म्हणजे कोणी दुसरा, असंच त्याला वाटतं. आणि घाबरू नका म्हणताय, पण कशाला, हे अजून सांगितलेलंच नाही.

म्हणून पहिलं वाक्य त्याच्या पायांपासून सुरू करू. ‘गेल्या तीन दिवसांत तुम्ही साचलेल्या पाण्यातून चाललात का? मग ही सूचना तुमच्यासाठी आहे.’ तीन दिवस का, तर पालिकेच्या सूचनांत प्रतिबंधक औषध 24 ते 72 तासांत घ्यायला सांगितलेलं असतं. ‘तात्काळ’ या शब्दात ही मुदत दिसत नाही. जो तो तो शब्द आपल्या सोयीने वाचतो.

दुसरं वाक्य धोक्याचं. ‘उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू या पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. वेळेत उपचार झाले नाहीत, तर मूत्रपिंडं, यकृत किंवा फुप्फुसं निकामी होऊन माणूस दगावू शकतो.’ ‘लघवी’ लिहायला संकोच करून ‘प्राण्यांचे उत्सर्जित घटक’ लिहिलं, की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

खरी गोम ‘जखम’ या शब्दात आहे. लोकांच्या लेखी जखम म्हणजे पट्टी बांधण्याजोगी. टाचेच्या भेगा, चपलेने सोललेली कातडी, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, हे कोणी जखमेत धरत नाही. जंतूला मात्र तेवढी फट पुरते. त्यामुळे सूचनेत ही नावं लिहायचीच. औषध किती, हे त्यावरच ठरतं.

पालिका तीन गट करते. पाण्यातून एकदाच चाललेला, पायावर जखम नसलेला, त्याला डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅम एकदाच. जखम असेल तर तेवढंच रोज एकदा, तीन दिवस. पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागलेल्यांना, म्हणजे सफाई किंवा बचावकाम करणाऱ्यांना, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना डॉक्सिसायक्लिन नाही. त्यांना डॉक्टर अॅझिथ्रोमायसिन देतात.

इथे ‘कमी’, ‘मध्यम’, ‘अति’ ही लेबलं काढून टाकावीत. ‘कमी जोखीम’ वाचलं की माणूस गोळी घेतच नाही. त्याऐवजी ‘एकदाच चाललात, पायाला काही नाही’ असं लिहावं. मात्राही मिलिग्रॅमवर सोडायची नाही. हातात पडणारी गोळी बहुतेकदा 100ची असते, म्हणून ‘100च्या दोन गोळ्या, एकाच वेळी, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, अर्धा तास आडवं होऊ नका’ असं सगळं लिहावं. गोळी घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून हे शेवटचं. आठवड्याचा डोस रोजचा समजला जाण्याची भीती असते. त्यावर उपाय सोपा : ‘पहिला डोस सोमवारी घेतलात, तर पुढचे पाचही सोमवारीच.’ औषध दवाखान्यातूनच घ्यायचं. आपण कोणत्या गटात, हे तिथले डॉक्टर ठरवतील.

मग ताप. गोळी घेतली म्हणजे आजार होणारच नाही, असं नाही, हे स्पष्ट सांगावं. ‘ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पाण्यातून चाललो होतो, हे आपणहून सांगा.’ सुरुवातीला हा ताप डेंग्यूसारखाच दिसतो. पाण्याचा उल्लेख झाला नाही, तर डॉक्टरांचं लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं, थुंकीतून रक्त पडणं, यांसाठी वेगळी ओळ हवी : ‘थेट रुग्णालय गाठा.’

छापण्याआधी मसुदा चार-पाच जणांना वाचायला द्यावा. ‘समजलं का?’ विचारू नये, कारण सगळे हो म्हणतात. प्रसंग द्यावा : एक बाई सोमवारी पाण्यातून गेली, टाचेला भेगा आहेत, आज शुक्रवार, ताप नाही. तिने काय करायचं? आत्तापर्यंतच्या मसुद्यात याचं उत्तर नाही. उलट पहिल्याच वाक्याने तिला बाहेर काढलं आहे. तेव्हा ते वाक्य दुरुस्त करू : ‘गेल्या महिनाभरात साचलेल्या पाण्यातून चाललात का?’ आणि खाली भर घालू : ‘तीन दिवस झाले नसतील तर आजच दवाखान्यात जाऊन गोळी घ्या. उलटून गेले असतील तरी डॉक्टरांना विचारा. पाण्यातून गेल्यापासून महिनाभर तापाकडे लक्ष ठेवा.’ लक्षणं बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांत दिसतात, पण कधी कधी तीस दिवसही लागतात.