स्क्रूड्रायव्हर पिशवीतच राहू द्या

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘रेषेवर चालणारा रोबो : दोन सेन्सर आणि प्रपोर्शनल स्टिअरिंग’ असं भारदस्त छापलंय. त्यातल्या स्टिअरिंगपर्यंत मी पोचेन की नाही, हे अध्यक्षांच्या हातातल्या घड्याळावर अवलंबून आहे. कारण मला आधी एका स्क्रूड्रायव्हरबद्दल बोलायचंय.

इथे निम्म्याहून जास्त शिक्षक आहेत आणि उरलेल्यांच्या घरात हा रोबो कधी ना कधी झालेला आहे, म्हणून पाया घालत बसत नाही. दोन पिवळ्या बीओ मोटारी, मागे किंवा पुढे एक भिंगरी चाक, वर अर्डुइनो, मोटार ड्रायव्हर आणि पुढच्या बाजूला जमिनीकडे तोंड केलेले दोन आयआर सेन्सर. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी इन्सुलेशन टेप. बहुतेकांकडे असतो तो टीसीआरटी ५०००. त्यात दोन डोळे असतात. निळसर डोळा अवरक्त प्रकाश टाकतो, काळा डोळा परत आलेला प्रकाश मोजतो. पांढऱ्यावरून भरपूर परत येतो, काळ्यावरून अगदी थोडा.

त्या मॉड्यूलवर एक निळा चौकोनी ठोकळा असतो, त्याला वरून फुलीची खाच. हा पोटेन्शिओमीटर. माझी तक्रार त्याच्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. नाव सांगत नाही, जेवण चांगलं होतं. सकाळच्या फेरीत एका गटाचा रोबो छान पळाला. छान म्हणजे, रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसासारखा. डावीकडे झोक, उजवीकडे झोक, पण पोचला. अंतिम फेरी दुपारी चारला. हॉलला पश्चिमेच्या खिडक्या. ऊन तिरकं होऊन ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर आलं आणि तिथे पोचताच रोबो सरळ निघून गेला. मुलगी धावली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, निळा ठोकळा पाव फेरा फिरवला. आता उन्हात चालला, सावलीत अडला. पुन्हा पाव फेरा. तोवर ऊन वीतभर सरकलं. वीस मिनिटं हा खेळ चालला. शेवटी तिच्याबरोबरचा मुलगा उठून खिडकीशी दप्तर धरून उभा राहिला. ऊन सरकलं की हाही सरकायचा. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला कंट्रोलर तोच होता, पण बक्षिसाच्या नियमात दप्तर बसत नव्हतं.

झालं काय होतं? उन्हात अवरक्त प्रकाश मुबलक असतो. सेन्सरचा काळा डोळा दिसणारा प्रकाश बराचसा अडवतो, पण उन्हातलं अवरक्त आणि स्वतःच्या एलईडीचं अवरक्त यांत त्याला फरक कळत नाही. उन्हात टेपही त्याला ‘पांढरी’ वाटली. ह्याला औषध पोटेन्शिओमीटर नव्हे, औषध दोन रुपयांच्या काळ्या कार्डशीटची झालर आहे. सेन्सरभोवती, जमिनीपासून दोनेक मिलिमीटर वर. बास.

जाता जाता काळ्याबद्दल एक सांगतो. आपल्या डोळ्यांना जे काळं, ते अवरक्तात काळं असेलच असं नाही. काही स्केचपेनांची काळी शाई अवरक्ताला जवळजवळ पारदर्शक असते. मुलांनी कार्डशीटवर रात्रभर जागून रेषा रंगवलेली असते आणि रोबो कोऱ्या कागदावरून गेल्यासारखा जातो. मग दोष कोडला! रेषेवर आणि बाजूला सेन्सरचं रीडिंग घ्या, फरक नसेल तर कोड उघडूच नका. टेप चिकटवा.

पुन्हा निळ्या ठोकळ्याकडे. तो कशासाठी असतो? मॉड्यूलवर एक कम्पॅरेटर असतो. आलेला प्रकाश ठरलेल्या पातळीच्या वर की खाली, एवढंच तो बघतो आणि पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ पाठवतो. पातळी ठरवायला तो ठोकळा. म्हणजे सेन्सरला दिसत असतं ‘मी रेषेच्या कडेवर आहे, सत्तर टक्के आत’, आणि कम्पॅरेटर वर सांगतो ‘काळं’. आपल्या कार्यालयांत साहेबांपर्यंत बातमी जशी पोचते, अगदी तशी. (हशा) मग साहेब तरी काय करणार? एक चाक पूर्ण बंद, दुसरं पूर्ण सुरू. म्हणून रोबो झोकांड्या खातो.

बैलगाडी हाकलेले कोणी आहेत का इथे? दोन-तीन हात वर आहेत, छान. गाडी चाकोरीतून जरा सरकली तर तुम्ही कासरा किती ओढता? जरासाच. किती सरकली त्या मानाने. दर वेळी एका बैलाला जागीच थांबवलंत तर बैल नाही, मागे बसलेली माणसं आधी उतरतील.

तेव्हा मॉड्यूल घेताना तीन पायांचं नको, चार पायांचं घ्या. चौथा पाय ए-झिरो, त्यावर कच्चा ॲनालॉग व्होल्टेज मिळतो. अर्डुइनो त्याचा शून्य ते १०२३ असा आकडा करतो. माझ्याकडच्या जोडीत डावा सेन्सर पांढऱ्यावर ७० आणि टेपवर ८५० दाखवतो. उजवा ११० आणि ७६०. एकाच पाकिटातले सख्खे भाऊ, तरी स्वभाव वेगळा. म्हणून सुरुवातीला पाच सेकंद रोबो हाताने रेषेवरून आडवा इकडून तिकडे फिरवायचा, प्रत्येकाचा सगळ्यात लहान-मोठा आकडा टिपून ठेवायचा आणि दोघांनाही शून्य ते हजार या एकाच पट्टीवर आणायचं. पांढरं शून्य, काळं हजार. स्क्रूड्रायव्हरचं काम इथे संपलं.

आता सेन्सर बसवायचे कुठे? इथे सगळे चुकतात, मीही पाच वर्षं चुकत होतो. पुस्तकी चित्रात रेषा मध्ये आणि दोन्ही सेन्सर तिच्या बाहेर, ऐसपैस पांढऱ्यावर असतात. हो-नाहीच्या रोबोला ते ठीक आहे. पण तसे बसवलेत तर रोबो सेंटीमीटरभर सरकेपर्यंत दोन्ही आकडे शून्यच राहतात. प्रमाणात वळायचं तर प्रमाण कशाचं काढणार? टेप साधारण १९ मिलिमीटर रुंद असते. दोन सेन्सरांच्या मध्यांतलं अंतरही तेवढंच ठेवा, म्हणजे प्रत्येक सेन्सर बरोबर कडेवर येतो, अर्धा काळ्यावर, अर्धा पांढऱ्यावर. दोन्ही आकडे पाचशेच्या आसपास. रोबो दोन मिलिमीटर उजवीकडे सरकला की डावा सेन्सर आत शिरून सातशे होतो, उजवा बाहेर जाऊन तीनशे. फरक ४००. दोन मिलिमीटरची चूक आकड्यात दिसली.

आणि उंची. डेटाशीट म्हणतं हा सेन्सर अडीच मिलिमीटरवर सर्वांत चांगला बघतो. तेवढा खाली लावला तर कड धारदार दिसते आणि पुन्हा हो-नाहीच्या जवळ जातो. मी तो सात-आठ मिलिमीटर वर ठेवतो. दृष्टी जरा धूसर होते, कड पसरते, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. चष्मा काढून गाडी चालवा असं मी सांगतोय, हे घरी जाऊन कोणाला बोलू नका.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. ‘दहा मिनिटे. चहा आला आहे.’ बरं. मग पत्रिकेत छापलेला विषय आता घेतो. फळ्यावर लिहिलंय तेवढंच, lMin, lMax, rMin, rMax हे सुरुवातीला टिपलेले लहान-मोठे आकडे:

```
float Kp = 0.08;
int base = 120;

void loop() {
  int L = constrain(map(analogRead(A0), lMin, lMax, 0, 1000), 0, 1000);
  int R = constrain(map(analogRead(A1), rMin, rMax, 0, 1000), 0, 1000);
  int e = L - R;
  int t = Kp * e;
  analogWrite(5, constrain(base - t, 0, 255));  // डावे चाक
  analogWrite(6, constrain(base + t, 0, 255));  // उजवे चाक
}
```

मघाचंच उदाहरण. फरक ४००, गुणिले के-पी, म्हणजे ०.०८, की झाले ३२. मूळ वेग १२०, त्यातून वजा केले की डावं चाक ८८, मिळवले की उजवं १५२, रोबो हलकेच डावीकडे. फरक पूर्ण हजार झाला तर ८०, म्हणजे ४० आणि २००. माझ्या मोटारी साठच्या खाली नुसत्या गुणगुणतात, फिरत नाहीत. तेव्हा इथे डावं चाक थांबतं आणि रोबो त्याच्याभोवती वळतो. तीव्र वळणाला ते चालतं.

के-पी निवडायचा तो असा. ०.०२ ठेवलात तर हजार फरकालाही वीसच मिळतात, रोबो सरळ रेषेवर साधूसारखा जातो आणि पहिल्या वळणावर संन्यास घेतो. ०.३ ठेवलात तर दोन मिलिमीटरच्या चुकीला १२० मिळतात, एक चाक शून्यावर, दुसरं २४० वर, झोकांड्या परत सुरू. मध्ये सावकाश चढवत न्या, झोकांड्या दिसू लागल्या की थोडं मागे या. रोबो वळणाची फिकीरच न करता सरळ चालू लागला आणि के-पी थोडा वाढवला-घटवला तरी काही फरक पडत नसेल, तर पहिली ओळ बघा. तिथे float च्या जागी int लिहिलेलं असतं. ०.०८ चा पूर्णांक शून्य होतो. कम्पायलर तक्रार करत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

एक मर्यादा, आणि ती लपवून ठेवणं बरं नाही. रोबो खूप सरकला, समजा २० मिलिमीटर, तर डावा सेन्सर रेषा ओलांडून पलीकडच्या कडेवर येतो. म्हणजे चूक वाढली आणि फरक घटला! आणखी सरकला की दोन्ही सेन्सर पांढऱ्यावर, फरक शून्य, आणि रोबोच्या मते सगळं आलबेल. वळणावर वळता वळता स्टिअरिंग एकदम सैल पडून बाहेर गेला, तर समजा हेच झालं. इलाज असा की शेवटचा मोठा फरक कुठल्या बाजूचा होता ते लक्षात ठेवायचं, आणि L आणि R ची बेरीज दोनशेच्या खाली गेली की त्याच बाजूला वळत राहायचं. दोनच सेन्सर असताना याहून जास्त अपेक्षा करू नये. चौकातून आडवी रेषा आली तर दोन्ही काळे, फरक शून्य, सरळ पुढे. हे मात्र फुकटात मिळतं.

सेन्सर चाकांच्या आसाच्या आठ-दहा सेंटीमीटर पुढे लावा. आसाजवळ असले तर रोबो तिरका झालाय हे त्यांना उशिरा कळतं. पुढे असले की थोडा तिरपेपणाही फरकात उतरतो आणि डोलणं कमी होतं. हे का, ते खरं तर अर्ध्या तासाचं प्रकरण आहे, चहा घेताना विचारा.

रोबो त्या टेबलावर आहे, खाली टेप चिकटवलेली आहे. ज्याला के-पी बदलून बघायचाय त्याने या. ए बाळ, तू दाराशी आहेस ना, तो पश्चिमेचा पडदा तेवढा ओढ. झालर मी घरी विसरलोय.