पर्थ: समुद्राचं पाणी आणि शहराचं सांडपाणी

(दृश्य: किनाऱ्यालगतचा लांब हॉल. पांढऱ्या नळकांड्यांच्या रांगा.)

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पर्थ शहर आपल्या पाण्याचा मोठा हिस्सा या नळकांड्यांतून मिळवतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा क्विनाना इथला हा कारखाना नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला. उभारणीला ३८.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले आणि वर्षाला ४५ अब्ज लिटर गोडं पाणी मिळू लागलं. शहराकडे फारसा इलाज नव्हता. १९७०च्या दशकात तिथला पाऊस ओसरला, तो पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. धरणांत वर्षाला सरासरी ३४० अब्ज लिटरच्या आसपास पाणी यायचं. आता त्याचा पाव हिस्साही येत नाही.

(दृश्य: कापून उलगडलेलं मेंब्रेन, अगदी जवळून.)

नळकांडीच्या आत चटईसारखा गुंडाळलेला हा पडदा असतो. पानांच्या मधे प्लास्टिकची जाळी आहे, खारं पाणी तिच्यातून धावतं. दाबाखाली पाणी पडद्यातून पाझरतं, गुंडाळीतून फिरत फिरत मधल्या भोकं पाडलेल्या नळीत उतरतं. मीठ बाहेरच राहतं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. हे मीठ पाण्याला आपल्याकडे ओढून धरतं, आणि ती ओढ मोडायलाच हवेच्या दाबाच्या सत्तावीसपट जोर लागतो. त्यात गोडं पाणी निघून जाईल तसं मागे उरलेलं आणखी खारट होत जातं, म्हणून पंपाला साठपटीच्या आसपास दाब द्यावा लागतो. शंभर लिटर आत घेतले तर चाळीस-पंचेचाळीस लिटरच गोडे मिळतात. त्याहून जास्त पिळायला गेलं, की वीज वाढते आणि पडद्यावर क्षार धरतात.

(दृश्य: फिरणारा सिरॅमिकचा रोटर.)

उरलेलं खारट पाणी बाहेर पडतं तेव्हाही त्याचा जवळजवळ सगळा दाब शाबूत असतो. हा रोटर तो दाब आत येणाऱ्या ताज्या समुद्रपाण्याला देतो. एवढं करूनही हजार लिटरला साडेतीन ते चार युनिट वीज जाते. तेवढ्या विजेसाठी एमू डाउन्सच्या ४८ पवनचक्क्यांशी करार झाला. त्यांची वीज ग्रिडमध्ये जाते, थेट कारखान्यात नाही.

(दृश्य: तंत्रज्ञ नळकांडीत बारीक नळी सरकवतो. हातात मीटर.)

गोड्या पाण्यात मीठ वाढलं की अशी तपासणी होते. एका नळकांडीत सहा-सात मेंब्रेन एकापुढे एक जोडलेले असतात. नळी थोडी थोडी आत सरकवायची, प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची; मीठ वाढलं की ती वाढते. आकडा हळूहळू चढला तर ठीक. एखाद्या जोडाशी एकदम उडी मारली, तर तिथली रबरी रिंग फाटलीय. काही रुपयांची रिंग, पण ती बदलेपर्यंत मीठ आत येत राहतं.

(दृश्य: पाण्याखाली, तळावरचा पाइप.)

आता उरलेलं पाणी. समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट, म्हणून जड. तसंच सोडलं तर तळाशी पसरून बसतं. म्हणून पाइपच्या तोंडांतून ते तिरकं वर उडवतात. धार वर जाते, आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि पातळ होऊन खाली येते. पन्नास मीटरवर खारटपणा लिटरमागे १.२ ग्रॅमहून जास्त वाढता कामा नये, अशी अट आहे. पण हे पाणी जिथं सोडतात ती कॉकबर्न साउंड ही अर्धवट बंदिस्त खाडी. वारा पडला की पाणी ढवळलं जात नाही आणि तळाचा प्राणवायू घटतो. २००८ मध्ये याच कारणानं कारखाना थांबवावा लागला होता. इथलं बहुतेक समुद्रगवत मात्र त्याच्या कितीतरी आधी, किनाऱ्यावरच्या उद्योगांच्या सांडपाण्यानं गेलं.

(दृश्य: बीन्यप. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाक्या.)

आमच्या मते पर्थचं खरं शहाणपण इथं आहे. शहराचं सांडपाणी आधी नेहमीसारखं शुद्ध होतं. मग बारीक गाळणी, तसाच पडदा, शेवटी अतिनील प्रकाश. या पाण्यात समुद्राच्या मानानं मीठ नगण्य, म्हणून दाब कितीतरी कमी आणि या टप्प्याची वीज समुद्राच्या पाण्यापेक्षा निम्म्याहून कमी. शिवाय हेच पाणी एरवी समुद्रात ओतलं जायचं! अडचण होती लोकांच्या मनाची. म्हणून आधी तीन वर्षं चाचणी, केंद्र पाहायला लोकांना बोलावणं, आणि मग २०१७ मध्ये वर्षाला १४ अब्ज लिटरनं सुरुवात. नंतर ही क्षमता दुप्पट केली.

(दृश्य: कुंपणाच्या आत विहिरीचं बंद तोंड.)

शुद्ध झालेलं पाणी थेट नळाला जात नाही. ते इथून खोल लीडरव्हिल आणि यारागाडीच्या भूजलथरांत उतरतं, आणि पुन्हा उपसलं जाईपर्यंत कित्येक वर्षं वाळूच्या खडकातून सरकत राहतं. कॅमेऱ्याला दिसतं ते एवढंच: एक पाइप, एक झडप आणि पाणी आत जाताना हलणारा मीटरचा काटा.