चला, तुमच्याकडे जाऊ

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत प्रेमप्रसंगाचा अनुवाद बिघडतो तो बहुधा शब्द कमी पडले म्हणून नाही, तर जास्त झाले म्हणून. मूळ लेखकाने जे जाणूनबुजून सांगितलेलं नसतं, ते अनुवादक वाचकाला बिचाऱ्याला कळावं म्हणून पदरचं घालून सांगतो. हे नेमकं कुठे होतं ते पाहायला आज मी एकच प्रसंग घेणार आहे. प्रसंग रशियन लेखक अंतोन चेखवच्या 'द लेडी विथ द डॉग' या कथेतला आहे. कथा 1899 च्या डिसेंबरात 'रूस्काया मिस्ल' या मासिकात आली. याल्टाला, समुद्राकाठी, छोट्या कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्या एका तरुण बाईची ही गोष्ट. तुमच्यापैकी अनेकांनी ती मराठीत किंवा इंग्रजीत वाचली असेल.

माणसं दोनच. गूरव हा मॉस्कोचा, बँकेत नोकरी करणारा, चाळिशीच्या अलीकडचा, बायकोमुलं असलेला, आणि बायकांच्या बाबतीत बराच सरावलेला. आन्ना सेर्गेयेव्हना त्याच्याहून पुष्कळ लहान, तीही विवाहित. ओळख होऊन आठवडा झालाय. संध्याकाळी दोघं धक्क्यावर आगबोट बघायला जातात. गर्दी पांगते, अंधार होतो. आन्ना हातातल्या फुलांचा वास घेत उभी आहे, गूरवकडे बघत नाही. कुठेतरी जाऊ या का, असं तो विचारतो. ती उत्तर देत नाही.

पुढचं वाक्य माझ्या मराठीत सांगतो. "तेव्हा त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि एकदम तिला मिठी मारून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं, फुलांचा वास आणि ओलावा त्याच्या अंगावर आला, आणि लगेच त्याने घाबरून आजूबाजूला पाहिलं : कुणी बघितलं तर नाही?"

चेखवने हे सगळं एका वाक्यात बसवलंय. मिठी, फुलांचा ओलेपणा आणि भीती यांच्यात पूर्णविराम नाही. मराठीत याची तीन वाक्यं केली की पहिल्यात प्रेम, दुसऱ्यात निसर्ग आणि तिसऱ्यात भीती असे तीन कप्पे होतात. मुळात ते सगळं एका दमात घडतं, आणि चोरटेपणा त्या चुंबनातच मिसळलेला असतो.

आता 'चुंबन' या शब्दाची अडचण सगळ्या मराठी अनुवादकांना ठाऊक आहे. चुंबन पुस्तकी वाटतं, मुका गावरान किंवा लाडिक, आणि पापा तर पाळण्यातल्या बाळाचा. म्हणून बरेच जण "ओठांवर ओठ टेकवले" असं करतात. ऐकायला छान आहे, पण 'टेकवले' म्हटलं की कृती हळुवार होते, आणि इथे तर चेखवने 'एकदम' हा शब्द घातलाय. दुसरी पळवाट म्हणजे "तिला जवळ घेतलं". आपल्याकडे 'जवळ घेणं' याचा अर्थ कुठपर्यंत जातो हे मी रेडिओवर सांगायला नको. म्हणजे सभ्य म्हणून निवडलेला शब्द मुळापेक्षा जास्तच सांगून मोकळा होतो. तिसरी सोय ओठ वगळून गालावर भागवायची. तो संयम नव्हे, सोवळेपणा आहे. चेखव ओठ म्हणतो तर आपणही ओठ म्हणावं. त्याचा संयम शब्द टाळण्यात नाही, शब्दाच्या मागेपुढे काही न लावण्यात आहे. म्हणून मी पुस्तकी वाटलं तरी 'चुंबन'च ठेवतो. वाक्याचा वेग त्याला ओढून नेतो.

यानंतर गूरव हळूच एवढंच म्हणतो : "चला, तुमच्याकडे जाऊ..." आणि दोघं झपाझप चालू लागतात.

हे वाक्य मराठीला अगदी फुकटात मिळालंय. रशियनमध्येही हॉटेल नाही, खोली नाही, नुसतं "तुमच्याकडे" आहे. "तुमच्या खोलीवर जाऊ" केलं की गूरव एकदम निगरगट्ट होतो. आणि 'चला'तला तो काना लक्षात ठेवा. रशियनमध्ये आपल्यासारखंच अहोजाहो आणि अरेतुरे आहे, आणि इथे गूरव अजून अहोजाहोत बोलतोय.

मग खोली येते. उकाडा आहे, जपानी दुकानातून आणलेल्या अत्तराचा वास आहे. पुढचा सबंध परिच्छेद गूरवला आयुष्यात भेटलेल्या इतर बायकांबद्दल आहे. त्यानंतर आन्ना दिसते ती उदास बसलेली, चेहरा उतरलेला, दोन्ही बाजूंना लांब केस लोंबताहेत. घडलं ते घडून गेलंय. त्याचं वर्णन म्हणून आपल्याला मिळतात ते एवढे केस. आणि नेमके इथेच मराठी अनुवादकाचे हात शिवशिवतात. केस 'विस्कटलेले' होतात, 'अस्ताव्यस्त' होतात, एखादा हौशी त्यांचा 'केशसंभार' करतो. चेखवने केस विस्कटलेले म्हटलेलं नाही. ते नुसते लोंबताहेत, दुःखी दिसताहेत. त्यावरून काय ते वाचकाने ओळखायचं.

ती म्हणते, "हे बरं नाही. आता माझा मान सगळ्यांत आधी तुम्हीच ठेवणार नाही."

टेबलावर कलिंगड आहे. विदर्भातल्या श्रोत्यांसाठी टरबूज म्हणतो, फळ एकच. गूरव एक फोड कापून घेतो आणि सावकाश खाऊ लागतो. निदान अर्धा तास कुणीच बोलत नाही. या अर्ध्या तासाला मराठीत 'जीवघेणी शांतता पसरली' असं नेसवायचा मोह फार होतो. पण शांतता गूरवसाठी जीवघेणी नाहीच, तो कलिंगड खातोय! प्रसंगाची सगळी क्रूरता त्या निवांतपणात आहे. म्हणून "निदान अर्धा तास न बोलता गेला" इतकं कोरडं वाक्यच बरं.

आणि मग तो तोंड उघडतो : "तुझा मान मी का ठेवणार नाही? तू काय बोलतेयस ते तुझं तुलाच कळत नाहीये."

ऐकलंत? धक्क्यावर 'चला, तुमच्याकडे' होतं, आता 'तुझा' आहे. दोन्हींच्या मधे जे झालं ते चेखवने सांगितलंच नाही, फक्त सर्वनाम बदललं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'यू', त्यामुळे तिथे हा बदल दिसतच नाही. आपल्याकडे रशियन साहित्य पुष्कळदा इंग्रजीवरून येतं. इंग्रजीवरून काम करणारा मराठी अनुवादक दोघांना पहिल्या भेटीपासून 'तू' म्हणायला लावतो, किंवा शेवटपर्यंत 'तुम्ही'. दोन्हीकडे तो प्रसंग, जो मुळात कागदावर नव्हताच, तो कागदाबाहेरूनही नाहीसा होतो.

मराठीत हे साधायला दोन गोष्टी कराव्या लागतात. आपण सर्वनामं गाळून बोलतो, म्हणून आधीच्या पानांवर गूरवचं अहोजाहो क्रियापदांत तरी ठळक ऐकू यायला हवं : 'बसा', 'या', 'चला'. आणि ज्या वाक्यात तो तू वर येतो, तिथे 'तुझा' वाक्याच्या आरंभी हवं, म्हणजे ते कानाला खटकतं.

पण खरी पंचाईत वेगळी आहे, आणि ती खास मराठी आहे. या खोलीत गूरव 'तू' म्हणतो, आन्ना मात्र 'तुम्ही'च म्हणत राहते. "विश्वास ठेवा माझ्यावर" असं ती रडत त्याला विनवते, तेही अहोजाहोत. रशियन वाचकाला हे एकतर्फीपण बोचतं. तो जवळ आलाय, ती आलेली नाही. मराठी वाचकाला मात्र नवरा 'तू' आणि बायको 'तुम्ही' हे आजी-आजोबांपासून इतकं ओळखीचं आहे की त्याला दोघांचा संसार चालू झाल्यासारखा वाटतो! उलटाच परिणाम. यावर माझा उपाय असा की आन्नाच्या तोंडी चुकूनही 'अहो' येऊ द्यायचं नाही, आणि गूरवच्या तोंडी 'अगं' येऊ द्यायचं नाही. हे दोन शब्द आले की स्वयंपाकघर आलंच. पुढे थिएटरच्या प्रसंगात ती त्याला "दिमित्री दिमित्रिच" अशी हाक मारते. नाव आणि वडिलांचं नाव, त्यात आदरही आहे आणि अंतरही. ती हाक जशीच्या तशी ठेवायची. तिचं नुसतं 'दिमित्री' करून वाचकाची सोय केली, की तिने राखलेलं अंतर आपणच पुसून टाकतो. इतकं करूनही मराठीतली बोच रशियनइतकी तीक्ष्ण होत नाही. तेवढं नुकसान सोसावं लागतं.

अनुवाद सुरू करण्याआधी मी एका वेगळ्या कागदावर कोण कुणाला कोणत्या पानावर काय म्हणतं एवढंच उतरवून घेतो. या कथेत तो कागदच एक प्रेमकथा आहे. याल्टात तो 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो, ती निरोपाच्या वेळीही 'तुम्ही'च म्हणते. महिने जातात. तो तिच्या गावी जाऊन थिएटरात तिला गाठतो तेव्हा घाईघाईने म्हणतो, "समजून घ्या, आन्ना, समजून घ्या." तोच परत 'तुम्ही'वर गेलाय. ज्याने कलिंगड खात 'तू' म्हटलं होतं त्याला आता तो हक्क वाटत नाही, आणि तो खरा प्रेमात पडल्याची याहून मोठी खूण कथेत कुठे नाही. इंग्रजीवरून आलेल्या अनुवादात तो इथे पुन्हा 'तू'च म्हणतो, आणि गूरव होता तसाच राहतो.

मसुदा झाला की मी आणखी एक करतो. प्रेमप्रसंगाच्या पानांवर ज्या मराठी शब्दाला मुळात जोडीदारच नाही, त्याखाली रेघ मारतो. सापडतात ते जवळजवळ नेहमी तेच : अलगद, हळुवार, आवेगाने, उत्कटपणे, थरथरत्या. सोबत उद्गारचिन्हं आणि टिंबं. चेखवची टिंबं ठेवायची, 'तुमच्याकडे जाऊ'नंतर ती त्याचीच आहेत. आपली घालायची नाहीत. याल्टाजवळच्या ओरेआंदाला पहाटे समुद्राकडे बघून झाल्यावर आन्ना म्हणते, "गवतावर दव पडलंय." तो म्हणतो, "हो. घरी जायला हवं." इथे "किती सुंदर दव पडलंय!" असं एक मराठी उद्गारचिन्ह आलं की संपलं.

शेवटच्या प्रकरणात मॉस्कोच्या 'स्लाव्यान्स्की बाजार' हॉटेलात दोघं भेटतात. "काय म्हणतेस, कशी आहेस?" असं तो विचारतो, आणि ती म्हणते, "थांब, सांगते... नाही सांगता येत." ती रडतेय म्हणून बोलता येत नाहीये. पण 'थांबा' नव्हे, 'थांब'. कथेत तिच्या तोंडून आपल्याला ऐकू येणारं हे पहिलं एकेरी, आणि चेखव त्यावर अक्षरही बोलत नाही. मराठीत हा सगळा भार एका कान्यावर आहे. मागे सगळीकडे 'तुम्ही' बघितलेला मुद्रितशोधक तो काना सुसंगतीसाठी प्रामाणिकपणे परत घालणार, हे नक्की. म्हणून हस्तलिखितात त्या ओळीशेजारी समासात लाल शाईने लिहून ठेवावं : 'थांब' बरोबर आहे, काना देऊ नये.

नमस्कार.